‘आणला’, ‘आणली’ की ‘आणलं’?

‘सुरेशने भावासाठी पुण्याहून टोपी आण…’ एवढ्यावर वाक्य थांबवलं, तर मराठी घरात वाढलेलं लहान मूलही पुढे ‘ली’ जोडतं. सुरेश पुल्लिंगी, भाऊ पुल्लिंगी, पुणे नपुंसकलिंगी. तरीही उत्तर ‘ली’, कारण या वाक्यात क्रियापद टोपीचं ऐकतं. टोपीच्या जागी सदरा ठेवला तर ‘आणला’ आणि घड्याळ ठेवलं तर ‘आणलं’. सुरेशचा ‘ने’ काढून टाकला, तर मात्र सगळी सत्ता पुन्हा सुरेशकडे जाते: ‘सुरेश भावासाठी पुण्याहून टोपी आणतो’.

भाषेचं मॉडेल नेमकं याच जागी उभं असतं. मजकुराचे लहान तुकडे केलेले असतात, त्यांना टोकन म्हणतात. आतापर्यंतची टोकनं पाहून पुढचं टोकन कोणतं असेल, याची शक्यता मॉडेल शब्दसंग्रहातल्या प्रत्येक टोकनासाठी काढतं. समजा, आपल्या वाक्याचं शेवटचं टोकन ‘आण’ आहे. त्याच्या मागे चार शब्द उभे आहेत. त्यांतल्या कोणाचं किती ऐकायचं? टोपीचं भरपूर आणि पुण्याचं जवळजवळ नाही, हे कोण ठरवणार, आणि कसं?

साध्या न्यूरल नेटवर्कची ओळख असलेल्या विद्यार्थ्याला वाटेल की वजनं असतातच की, तीच ठरवतील. अडचण अशी की, त्या नेटवर्कमधली वजनं प्रशिक्षण संपलं की गोठतात. चौथ्या जागेवरून येणाऱ्या आकड्याला अमुक इतकं महत्त्व, हे कायमचं ठरून जातं. पण मराठीत टोपी चौथ्याच जागी असेल याची हमी कोण देणार? ‘टोपी सुरेशने पुण्याहून भावासाठी आणली’ हेही बिनचूक मराठी आहे. इथे महत्त्व जागेला बांधून चालत नाही. समोर कोणते शब्द आले आहेत ते पाहून ते दर वाक्याला नव्याने मोजावं लागतं. अटेन्शन म्हणजे ही मोजणी. प्रशिक्षणात गोठतो तो मोजणीचा नियम. त्यातून निघणारे आकडे प्रत्येक वाक्यात वेगळे असतात.

ही कल्पना एका फटक्यात आली नाही. आधीच्या काळात रिकरंट नेटवर्क वाक्य एकेक शब्द करत वाचत आणि वाचलेल्याचा सारांश एका व्हेक्टरमध्ये पुढे नेत. होखराइटर आणि श्मिडहुबर यांनी 1997 मध्ये मांडलेलं एलएसटीएम हे त्यांतलं सर्वांत टिकाऊ रूप. भाषांतरासाठी ही पद्धत वापरताना एक कोंडी झाली: वाक्य पाच शब्दांचं असो की पन्नास शब्दांचं, ते ठरावीक लांबीच्या एकाच व्हेक्टरमध्ये कोंबावं लागे. लांब वाक्यांची भाषांतरं बिघडत. 2014 मध्ये बाहदानाउ, चो आणि बेंजिओ यांनी त्यावर तोड काढली. भाषांतराचा प्रत्येक शब्द लिहिताना मॉडेलने मूळ वाक्यातल्या सगळ्या शब्दांकडे पुन्हा पाहावं, प्रत्येकाला शून्य ते एकमधलं वजन द्यावं आणि त्या वजनांनुसार मिश्रण करावं. वाचनाची साखळी मात्र त्यांनी तशीच ठेवली होती.

जून 2017 मध्ये गूगलशी संबंधित आठ संशोधकांनी ती साखळीच काढून टाकली. त्यांच्या निबंधाचं नावच ‘अटेन्शन इज ऑल यू नीड’ असं होतं. लेखकांच्या यादीत पहिलं नाव आशिष वासवानी यांचं. याच आठांमधल्या निकी परमार यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालं आहे. त्यांनी मांडलेल्या रचनेचं नाव ट्रान्सफॉर्मर. तिच्यात शब्द रांगेत एकामागून एक वाचले जात नाहीत. सगळे शब्द एकाच वेळी हिशोबात उतरतात, आणि एका शब्दाचा दुसऱ्याशी संबंध येतो तो फक्त अटेन्शनमधून.

आता मोजणीकडे. प्रत्येक टोकनाचा एक व्हेक्टर असतो, म्हणजे आकड्यांची एक लांब ओळ. त्याला तीन वेगवेगळ्या मॅट्रिक्सनी गुणून तीन छोटे व्हेक्टर काढतात: क्वेरी, की आणि व्हॅल्यू. वधू-वर सूचक मंडळातला व्यवहार आठवला, तर या तिघांची कामं लगेच वेगळी दिसतात. क्वेरी म्हणजे आपल्या अपेक्षांचा कागद. की-व्हेक्टर म्हणजे समोरच्याने स्वतःबद्दल भरलेली माहिती. हे दोन कागद किती जुळतात, ते पाहून ओढ ठरते. व्हॅल्यू म्हणजे जुळल्यानंतर तो माणूस प्रत्यक्षात घरात काय घेऊन येतो ते. जुळवताना पाहिलेली गोष्ट आणि नंतर हाती येणारी गोष्ट वेगळी असू शकते, आणि तीन वेगळी मॅट्रिक्स ठेवण्याचं कारण तेच आहे.

आपल्या वाक्यात ‘आण’ हे टोकन विचारतं, ‘माझ्या जवळपास प्रत्यय न लागलेलं नाम कोण आहे?’ हा प्रश्न दोन आकड्यांत मांडू. पहिला आकडा ‘प्रत्यय नसलेलं नाम’ या गुणासाठी, दुसरा ‘जवळ असणं’ या गुणासाठी. समजा, ‘आण’ची क्वेरी (3, 1) आहे. पहिल्या गुणाची तहान जास्त, दुसऱ्याची थोडी. मागच्या शब्दांचे की-व्हेक्टर असे धरू: ‘सुरेशने’ (0.1, 0.2), ‘भावासाठी’ (0, 0.4), ‘पुण्याहून’ (0, 0.6), ‘टोपी’ (1, 1), आणि ‘आण’ स्वतः (0, 1). टोकन स्वतःकडेही पाहू शकतं, म्हणून त्याचाही समावेश केला आहे. खऱ्या मॉडेलमध्ये या जागांवर अशी नावं लिहिलेली नसतात आणि एकेक गुण अनेक आकड्यांत पसरलेला असतो. हे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी निवडले आहेत.

जुळणी मोजायची ती डॉट प्रॉडक्टने: पहिला गुणिले पहिला, अधिक दुसरा गुणिले दुसरा. ‘टोपी’ला 3 × 1 + 1 × 1, म्हणजे 4 गुण. ‘सुरेशने’ला 0.5, ‘भावासाठी’ला 0.4, ‘पुण्याहून’ला 0.6 आणि ‘आण’ला 1. हे गुण व्हेक्टरच्या लांबीच्या वर्गमुळाने भागतात. आपली लांबी 2, म्हणून भाजक सुमारे 1.41. मग सॉफ्टमॅक्स लावतात. प्रत्येक गुणाचा घातांक घ्यायचा आणि सगळ्यांच्या बेरजेने भागायचं, की हिस्से हाती येतात आणि त्यांची बेरीज एक होते. इथे ‘टोपी’च्या वाट्याला सुमारे 73 टक्के येतात, ‘आण’ला स्वतःला 9 टक्के, आणि उरलेले 18 टक्के मागच्या तीन शब्दांत साधारण सारखे वाटले जातात.

शेवटी या हिश्शांनुसार व्हॅल्यू मिसळतात. समजा, प्रत्येक शब्दाची व्हॅल्यू त्याचं लिंग सांगते: सुरेश आणि भाऊ पुल्लिंगाच्या खात्यात 1 टाकतात, टोपी स्त्रीलिंगाच्या, पुणे नपुंसकाच्या, आणि ‘आण’ काहीच टाकत नाही. मिश्रणात स्त्रीलिंगाला 0.73 मिळतात, पुल्लिंगाला 0.12 आणि नपुंसकाला 0.07. हा निकाल ‘आण’च्या मूळ व्हेक्टरमध्ये मिळवला जातो. तोवर केवळ एक धातू असलेला तो व्हेक्टर आता ‘स्त्रीलिंगी वस्तू आणली जात आहे’ ही खबर बाळगून पुढे जातो, आणि ‘ली’ची शक्यता वर चढते. सगळ्या टोकनांसाठी हा हिशोब एकदम लिहिला, तर मूळ निबंधातली ओळ मिळते:

```
Attention(Q, K, V) = softmax(QKᵀ / √dₖ) V
```

वर्गमुळाचा तो भागाकार पहिल्या वाचनात बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तो जपून समजून घ्यावा असा आहे. 2017 च्या मूळ मॉडेलमध्ये क्वेरी आणि की-व्हेक्टरची लांबी 64 होती. सुरुवातीला आकडे यादृच्छिक असतात. प्रत्येकाचा चढउतार साधारण 1 धरला, तर अशा 64 गुणाकारांच्या बेरजेचा चढउतार 64 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे 8 होतो. इतके मोठे फरक सॉफ्टमॅक्समध्ये गेले, तर एकाच शब्दाला जवळजवळ सगळं मिळतं आणि बाकीच्यांना शून्य. त्या अवस्थेत ग्रेडियंटही शून्याजवळ जातो. मॉडेल चुकीच्या शब्दाला चिकटलेलं असलं, तरी तिथून हलायला त्याला जोर मिळत नाही. 8 ने भागलं की सुरुवातीला सगळ्यांना थोडंथोडं ऐकलं जातं आणि शिकायला वाव राहतो.

शिकवतं तरी कोण? ‘क्रियापदाने कर्माकडे बघ’ असं मॉडेलला कोणीही सांगत नाही. मजकुरातलं खरं पुढचं टोकन आणि मॉडेलचा अंदाज यांतली चूक मोजली जाते आणि ती नेहमीच्या बॅकप्रोपगेशनने तिन्ही मॅट्रिक्सपर्यंत परत जाते. ‘आण’ने पुण्याचं ऐकलं आणि त्यामुळे ‘ली’ची शक्यता कमी पडली, तर पुण्याशी जुळणारी क्वेरी थोडी ढिली होते. अशी कोट्यवधी वाक्यं गेली की व्याकरणाचा कल आकड्यांत उतरतो. प्रशिक्षणात एक पथ्य पाळावं लागतं: टोकनाला स्वतःच्या पुढचं दिसता कामा नये, नाहीतर ते उत्तर पाहूनच लिहील. म्हणून पुढच्या टोकनांचे गुण सॉफ्टमॅक्सआधीच उणे अनंत करून टाकतात. त्याला मास्क म्हणतात. मास्कमुळे एकाच वाक्यातल्या प्रत्येक जागेवरचा अंदाज एका फेरीत तपासता येतो. रिकरंट नेटवर्कच्या तुलनेत ट्रान्सफॉर्मरचं प्रशिक्षण वेगवान झालं ते यामुळे. मूळ निबंधातलं लहान मॉडेल आठ जीपीयूंवर 12 तासांत शिकून तयार झालं होतं.

एक मोजणी मात्र पुरत नाही. ‘आण’ला टोपीचं लिंग हवं आहे, आणि त्याच वेळी सुरेशला ‘ने’ लागला आहे का, हेही हवं आहे. एकाच मिश्रणात दोन्ही कोंबलं तर दोन्ही पुसट होतात. म्हणून एकाच थरात अनेक मोजण्या शेजारीशेजारी चालतात. प्रत्येकीची तीन मॅट्रिक्स वेगळी. त्यांना हेड म्हणतात. मूळ मॉडेलमध्ये 512 आकड्यांचा व्हेक्टर होता आणि एका थरात 8 हेड.

थरही अनेक लागतात. ‘सुरेशने बहिणीला पाहिलं’ हे वाक्य घ्या. कर्म स्त्रीलिंगी आहे, तरी ‘पाहिली’ होत नाही, कारण ‘ला’ लागताच बहिणीचा क्रियापदावरचा हक्क संपतो आणि क्रियापद नपुंसकात जातं. ‘बहिणी’ आणि ‘ला’ ही वेगळी टोकनं असतील, तर आधी ‘ला’ने मागे पाहून ‘मी बहिणीला चिकटलो आहे’ हे टिपलं पाहिजे. मगच वरच्या थरातल्या क्रियापदाला ते कामी येतं. प्रत्येक थरात अटेन्शननंतर एक साधं दोन पातळ्यांचं न्यूरल नेटवर्क असतं. हे विद्यार्थ्यांच्या ओळखीचंच. ते प्रत्येक टोकनावर स्वतंत्रपणे चालतं आणि गोळा झालेल्या खबरींवर प्रक्रिया करतं. मूळ रचनेत वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या बाजूला असे सहा-सहा थर होते. ओपनएआयच्या 2020 च्या जीपीटी-3 मध्ये 96 आहेत.

या सगळ्यात एक भोक राहिलं होतं. ‘सुरेशने रमेशला हाक मारली’ आणि ‘रमेशने सुरेशला हाक मारली’ या दोन वाक्यांत टोकनं तीच आहेत: सुरेश, ने, रमेश, ला. डॉट प्रॉडक्टला फक्त आशय दिसतो, क्रम दिसत नाही. शेवटच्या टोकनाने मागे पाहून केलेली एका थरातली बेरीज दोन्ही वाक्यांत सारखीच येईल, आणि हाक कोणी मारली हे हरवेल. म्हणून जागेची माहिती वेगळी पुरवावी लागते. 2017 मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या साइन-कोसाइन लहरींचे आकडे टोकनाच्या व्हेक्टरमध्ये मिळवले होते. 2021 मध्ये आलेल्या रोप या पद्धतीत क्वेरी आणि की-व्हेक्टर जागेनुसार ठरावीक कोनातून फिरवतात. त्यामुळे जुळणीत दोन टोकनांमधलं अंतर आपोआप उतरतं. आजच्या अनेक खुल्या मॉडेलांत हीच पद्धत आहे.

प्रत्येकाने प्रत्येकाकडे पाहायचं, तर खर्चही तसाच वाढतो. 2019 च्या जीपीटी-2 च्या सर्वांत लहान रूपात 12 थर आहेत, प्रत्येकात 12 हेड, आणि मजकुराची मर्यादा 1,024 टोकनं. मास्क धरूनही एका हेडला जवळजवळ सव्वापाच लाख जोड्या मोजाव्या लागतात, आणि 144 हेडना मिळून सुमारे साडेसात कोटी. मजकूर दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. लिहिताना थोडी सुटका असते. जुन्या टोकनांना पुढचं दिसत नसल्यामुळे त्यांचे की आणि व्हॅल्यू बदलत नाहीत, म्हणून ते साठवून ठेवता येतात. नवं टोकन आलं की फक्त त्याची क्वेरी जुन्या साठ्याशी जुळवायची.

मराठीला हा खर्च जास्त पडतो. जीपीटी-2 चे तुकडे बाइट्सवरून पाडले जातात. ‘टोपी’ हा शब्द दोन अक्षरं आणि दोन मात्रांचा, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे टोपीचे 12 बाइट. इंग्रजीचे नेहमीचे शब्द अखंड टोकन म्हणून साठवलेले असतात. देवनागरीचे तसे नसतील, तर एकेका शब्दाचे बारीक तुकडे होतात. मग मजकुराची मर्यादा लवकर संपते, आणि सुरुवातीच्या थरांतल्या अटेन्शनची शक्ती तुकडे जोडून पुन्हा शब्द बनवण्यातच खर्च होते. मराठी मजकूर भरपूर पाहून टोकनं ठरवणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. त्याशिवाय ‘आण’ आणि ‘टोपी’ ही टोकनं एकमेकांना अखंड भेटतच नाहीत.

अटेन्शनची वजनं पडद्यावर रंगवून दाखवता येतात, आणि ती पाहून मॉडेलच्या मनातलं कळलं असं वाटण्याचा मोह फार मोठा असतो. तो आवरायला हवा. एक साधं कारण सॉफ्टमॅक्समध्येच आहे. हिश्शांची बेरीज एक व्हायलाच हवी, म्हणून एखाद्या हेडला या जागी काहीही शोधायचं नसलं, तरी वजन कुठेतरी टाकावंच लागतं. अनेक मॉडेलांत ते मजकुराच्या पहिल्या टोकनावर जाऊन साचतं, मग ते टोकन कितीही निरर्थक असो. 2023 मध्ये संशोधकांना असं दिसलं की, लांब मजकुरात जागा वाचवण्यासाठी ही सुरुवातीची टोकनं साठ्यातून काढली तर मॉडेलचं लिहिणं कोसळतं, आणि चार टोकनं परत ठेवली तर ते सावरतं. पहिल्या शब्दावर गडद रंग दिसला म्हणून तो शब्द महत्त्वाचा होता, असं म्हणता येत नाही.

मग खरं कारण शोधायचं कसं? 2022 मध्ये संशोधकांनी लहान जीपीटी-2 वर एक इंग्रजी वाक्य घेऊन हे फार चिकाटीने केलं: ‘व्हेन मेरी अँड जॉन वेंट टू द स्टोअर, जॉन गेव्ह अ ड्रिंक टू…’. उत्तर ‘मेरी’ यायला हवं. त्यांनी वजनं नुसती पाहिली नाहीत. एकेका हेडचं काम बदलून, त्याच्या जागी दुसऱ्या वाक्यातला निकाल घालून, ‘मेरी’ची शक्यता किती हलते ते मोजलं. त्यातून 26 हेडांची एक साखळी निघाली. काही हेड ‘जॉन’ हे नाव दुसऱ्यांदा आलं आहे हे ओळखतात. काही त्याच्या आधारे ‘जॉनकडे पाहू नका’ अशी खबर शेवटच्या टोकनापर्यंत नेतात. ती मिळाल्यावर शेवटचे हेड उरलेल्या नावाकडे वळतात आणि ते उत्तरात उतरवतात. हे शेवटचे हेड बंद पाडल्यावर मात्र एक अनपेक्षित गोष्ट दिसली. एरवी गप्प असणारे दुसरे काही हेड पुढे आले आणि त्यांनी बरंचसं काम निभावून नेलं. एखादं हेड काढल्यावर उत्तर फारसं बिघडलं नाही, म्हणून ते निरुपयोगी होतं असा निष्कर्ष इथे सपशेल चुकला असता.

आपल्या वाक्यावरही हा प्रयोग करता येतो. त्यासाठी मराठी जाणणारं एखादं लहान, खुलं मॉडेल हवं. एक वाक्य टोपीचं आणि एक सदऱ्याचं घ्यायचं, आणि दोन्हींत टोकनांची संख्या सारखी आहे ना हे आधी पाहायचं. सदऱ्याच्या वाक्यात ‘आण’च्या जागेवर एका हेडचा निकाल काढून तिथे टोपीच्या वाक्यातला निकाल बसवायचा आणि ‘ला’ व ‘ली’ यांच्या शक्यता पुन्हा वाचायच्या. बहुतेक हेडना काहीच फरक पडणार नाही. जिथे पारडं ‘ली’कडे झुकेल, तिथे लिंगाची खबर वाहणारं हेड सापडलं असं मानायला आधार मिळतो. मग तोच बदल टोपीच्या जागी पगडी आणि सदऱ्याच्या जागी फेटा घालून टिकतो का, आणि ‘ने’ काढून ‘सुरेश… आणतो’ केल्यावर त्या हेडचा प्रभाव मावळतो का, हे तपासायचं. टिकला नाही, तर ते हेड लिंग वाहत नव्हतं, ‘टोपी’ या एका शब्दाचीच काहीतरी खूण वाहत होतं.